कमिशनची कमाई, घरचा खर्च आणि कराचा हप्ता

महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेला पगार घेणाऱ्या माणसाचा प्राप्तिकर त्याची कचेरीच दर महिन्याला कापून घेते. हाती येते ती रक्कम कर वजा होऊनच येते आणि ती सारी खर्चायला मोकळी असते. स्वतःचा धंदा करणाऱ्याचे तसे नाही. त्याच्या हाती येणाऱ्या पैशात त्याचा स्वतःचा पैसा, धंद्याच्या खर्चाचा पैसा आणि सरकारचा पैसा असे तिन्ही एकत्र मिसळलेले असतात. ते वेगळे करण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते. हे काम महिन्याच्या महिन्याला झाले नाही, तर कर भरायची वेळ नेमकी अशा दिवसांत येते की घरात बियाण्याला आणि खतालाही पैसा नसतो.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण आता खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरांत शेतीबरोबर दुसरी कमाई आली आहे. कुणी ट्रॅक्टर भाड्याने देतो, कुणाचा दुधाचा किंवा कोंबड्यांचा धंदा आहे, कुणी दवाखाना चालवतो, कुणी विम्याची एजन्सी घेतली आहे. कराच्या दृष्टीने यांतले काहीही शेतीचे उत्पन्न नव्हे. दूध घरच्या म्हशीचे असले आणि चारा घरच्या शेतातला असला, तरी दुधाचा नफा धंद्याच्या उत्पन्नातच धरला जातो.

या लेखात आपण एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ. ते विमा प्रतिनिधीचे आहे. छोटा दुकानदार किंवा डॉक्टर यांना उलाढालीवर ठोक नफा धरून कर देण्याची सवलत मिळू शकते, आणि ती घेतली तर त्यांना आगाऊ कराची एकच तारीख पाळावी लागते, ती म्हणजे १५ मार्च. कमिशनवर चालणाऱ्या माणसाला ही सवलत नाही. त्याला वर्षातून चार हप्ते भरावे लागतात. शिवाय खेड्यातला विमा प्रतिनिधी ज्यांच्याकडून विम्याचा हप्ता गोळा करतो ते बहुतेक शेतकरीच. कापूस, सोयाबीन विकले गेले, उसाचे बिल जमा झाले, की विम्याचा हप्ता भरला जातो. म्हणून त्याची कमाईही पिकाच्या चालीने चालते. कराच्या तारखा मात्र त्या चालीने चालत नाहीत. सारी अडचण इथे आहे.

उदाहरणातली ताई

उदाहरणापुरती आपण एक ताई धरू. वर्षभरात तिला १७ लाख रुपये कमिशन मिळते. पेट्रोल, फोन, तालुक्याच्या गावी घेतलेल्या खोलीचे भाडे, मदतनीस मुलाचा पगार आणि छपाई, असा धंद्याचा खर्च महिन्याला सरासरी २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख होतो. निव्वळ उत्पन्न राहिले १४ लाख. तिच्या स्वतःच्या नावावर सात-बारा असलेली थोडी जमीन आहे. तिचा खर्च वजा जाता २ लाख रुपये उरतात. घरात नवरा, सासूबाई आणि दोन शिकती मुले आहेत.

कमिशन देताना विमा कंपनी त्यातून शेकडा २ रुपये कर आधीच कापून सरकारात भरते. यालाच टीडीएस म्हणतात. १७ लाखांवर हे ३४ हजार झाले. एवढ्यावरून पुष्कळ लोकांचा समज होतो की आपला कर कापला गेला, आता काम संपले. तसे नसते. ती फक्त सुरुवात असते.

वर्षाचा कर किती?

इथे आपण २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे नव्या करपद्धतीचे दर धरले आहेत. दर वर्षी फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो, तेव्हा आपल्या वर्षाचे दर पाहून आकडे बदलून घ्यावेत. हिशेबाची रीत हीच राहील.

या दरांत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या ४ लाखांवर शेकडा ५, त्यापुढच्या ४ लाखांवर शेकडा १० आणि त्यापुढच्या ४ लाखांवर शेकडा १५ असा कर आहे. १६ लाखांच्या पुढे शेकडा २० लागतो. एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६० हजार रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. म्हणून ज्यांची धंद्याची निव्वळ कमाई याच्या आत आहे त्यांतल्या बहुतेकांना आगाऊ कराची काळजी नाही. मात्र शेतीचे उत्पन्नही मोठे असेल, तर १२ लाखांच्या आतल्या माणसानेही एकदा हिशेब तपासून घ्यावा. त्याचे कारण आता येईल.

शेतीच्या उत्पन्नावर कर नसला, तरी ते ५ हजारांपेक्षा जास्त असेल आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना ते मोजले जाते. रीत अशी आहे. आधी धंद्याचे १४ लाख आणि शेतीचे २ लाख मिळून १६ लाखांवर कर काढायचा. तो २० हजार, ४० हजार आणि ६० हजार मिळून १ लाख २० हजार होतो. मग करमुक्त ४ लाख आणि शेतीचे २ लाख मिळून ६ लाखांवर कर काढायचा. तो होतो १० हजार. पहिल्यातून दुसरा वजा केला की १ लाख १० हजार उरतात. त्यावर शेकडा ४ उपकर, म्हणजे ४,४०० रुपये. एकूण कर झाला १,१४,४०० रुपये.

शेतीचे उत्पन्न नसते, तर १४ लाखांवर मूळ कर ९० हजारच झाला असता. म्हणजे शेतीच्या २ लाखांवर कर लागला नाही, पण त्यांनी धंद्याच्या उत्पन्नाला वरच्या पायरीवर ढकलले आणि कर २० हजारांनी वाढला. हिशेब करताना शेतकरी घरांकडून हमखास सुटते ती ही गोष्ट.

आता १,१४,४०० मधून कंपनीने कापलेले ३४ हजार वजा करू. उरले ८०,४०० रुपये. हे ताईने स्वतः भरायचे आहेत. कापलेला कर वजा जाता देणे १० हजार किंवा अधिक होत असेल, तर ते वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरावे असा कायदा आहे. म्हणूनच त्याला आगाऊ कर म्हणतात.

चार तारखा

कायद्याने प्रत्येक तारखेपर्यंत एकूण किती भरलेले असावे ते ठरवले आहे:

१५ जूनपर्यंत शेकडा १५, म्हणजे १२,०६० रुपये.
१५ सप्टेंबरपर्यंत एकूण शेकडा ४५, म्हणजे ३६,१८० रुपये.
१५ डिसेंबरपर्यंत एकूण शेकडा ७५, म्हणजे ६०,३०० रुपये.
१५ मार्चपर्यंत सारा कर, म्हणजे ८०,४०० रुपये.

या तारखा पुन्हा एकदा शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहा. पंधरा जूनला पेरणीची घाई असते. पंधरा सप्टेंबरला पीक शेतात उभे असते आणि घरातला पैसा आटलेला असतो. तोवर निम्म्याच्या आसपास कर भरलेला हवा. विमा प्रतिनिधीची कमाई मात्र दसरा-दिवाळीनंतर वाढते आणि जानेवारी ते मार्चमध्ये सर्वांत जास्त असते. आपल्या ताईला एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत मिळून ४ लाख कमिशन येते, वर्षाच्या कमिशनचा चौथा हिस्सासुद्धा नाही. एकट्या मार्चमध्ये ३ लाख येतात. म्हणजे कर पुढे धावतो आणि कमाई मागून येते.

हप्ते चुकवले तर काय होते?

समजा, ताईने वर्षभर काहीच भरले नाही आणि विवरणपत्र भरताना जुलैअखेरीस सारा कर एकदम दिला. पहिल्या तीन तारखांना जितकी रक्कम कमी पडली तिच्यावर दर महिना शेकडा १ प्रमाणे प्रत्येकी तीन महिन्यांचे व्याज लागते आणि १५ मार्चच्या कमतरतेवर एका महिन्याचे. हे सारे मिळून सुमारे ४,०५० रुपये होतात. शिवाय वर्ष संपेपर्यंत शेकडा ९० इतकाही कर भरलेला नसला, तर १ एप्रिलपासून प्रत्यक्ष भरेपर्यंत दर महिना शेकडा १ व्याज वेगळे. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे ते सुमारे ३,२०० रुपये झाले. एकूण व्याज सव्वासात हजारांच्या आसपास.

खरे सांगायचे तर या व्याजाने कुणाचे घर बुडत नाही. बुडते ते दुसऱ्याच कारणाने. जुलैत ताईला मूळ कर आणि व्याज मिळून साडेसत्त्याऐंशी हजारांहून जास्त रक्कम एकदम उभी करावी लागते. जुलै हा तिच्या कमाईचा सर्वांत कोरडा महिना आहे. त्या महिन्यात कमिशन ७० हजारच येते आणि मुलांच्या फिया, खुरपणी, खत हे सारे त्याच महिन्यात उभे राहते. मार्चमध्ये आलेला पैसा तोवर घराच्या गिलाव्याला किंवा एखाद्या लग्नाला लागून गेलेला असतो. मग दागिना गहाण पडतो, किंवा सावकाराकडून शेकडा दोन-तीन रुपये महिना दराने उसने आणावे लागतात. सरकारचे व्याज त्यापुढे काहीच नाही.

आलेल्या दिवशीच हिस्सा काढा

यावर उपाय असा की कराची तरतूद कराच्या तारखेला न करता कमाईच्या तारखेला करायची. कमिशन बँकेत जमा झाले, की त्याच दिवशी त्यातला ठरावीक हिस्सा दुसऱ्या बचत खात्यात टाकायचा. या खात्याला आपण कराचे खाते म्हणू. त्याचे एटीएम कार्ड घेऊच नये आणि फोनवरून पैसे देण्याच्या सोयीलाही ते जोडू नये.

हिस्सा किती ठेवायचा? टीडीएस कापून ताईच्या हाती वर्षाला १६ लाख ६६ हजार येतात आणि तिला भरायचे आहेत ८०,४००. म्हणजे शेकडा पाचाला थोडे कमी. अंदाज चुकू शकतो, म्हणून आपण शेकडा सहा धरू. एप्रिलमध्ये ७० हजार कमिशन झाले तर हाती येतात ६८,६००. त्यातले ४,११६ रुपये कराच्या खात्यात गेले. डोळ्यांत भरेल अशी ही रक्कम नाही आणि म्हणूनच ती निघू शकते.

पण नुसता हिस्सा काढून भागते का ते तपासून पाहू. १५ जूनपर्यंत एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचे सुमारे १०,५८० रुपये खात्यात साठलेले असतील. हवेत १२,०६०. दीड हजार कमी. १५ सप्टेंबरपर्यंत एकूण साठतील २३,५२० आणि हवेत ३६,१८०. साडेबारा हजारांहून जास्त कमी. १५ डिसेंबरला सुमारे पावणेचौदा हजार कमी पडतात. १५ मार्चला मात्र पैसे पुरून दोनेक हजार उरतात.

म्हणजे हिस्सा बरोबर ठरवला आहे, वर्षअखेरीला तो पुरतोही, पण मधल्या तारखांना खाते कोरडे पडते. कारण वर सांगितलेच, कर पुढे धावतो आणि कमाई मागून येते. पुष्कळ जण इथेच निराश होऊन ही रीत सोडून देतात. ती सोडण्याचे कारण नाही. या खात्याला फक्त बियाणे लागते.

बियाणे घरात राखून ठेवा

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये कराच्या खात्यात १४ हजार रुपये आधीच टाकून ठेवावेत. रब्बीचा माल विकून आलेल्या पैशातून किंवा मार्चच्या कमिशनमधून एवढी रक्कम बाजूला पडू शकते. १४ हजार असले, की जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या तिन्ही तारखा निभावतात.

दुसऱ्या वर्षापासून हे बियाणे आपोआप तयार होते. पाहा कसे. १५ मार्चला शेवटचा हप्ता भरून झाला. त्यानंतर मार्चचे ३ लाखांचे कमिशन हाती पडते आणि नेहमीप्रमाणे त्याचा शेकडा सहा हिस्सा, म्हणजे १७,६४० रुपये, कराच्या खात्यात जातो. त्या वर्षाचा कर तर आधीच भरून झालेला असतो. आधीचे दोनेक हजार मिळून साडेएकोणीस हजार खात्यात उरतात, शिवाय पहिले १४ हजारही असतातच. हा पैसा पुढच्या जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचा. पण मार्चअखेरीला वाटते, कर तर भरून झाला, आता हे पैसे आपले. तेवढा एक मोह आवरला की पुढचे वर्ष सुरळीत जाते. खळ्यावरचे सारे धान्य विकून टाकणारा शेतकरी पेरणीला दुसऱ्याच्या दारात जातो, तसेच हे आहे.

पहिल्या वर्षी १४ हजार जमलेच नाहीत, तर कायद्यात थोडी ढील आहे. जूनपर्यंत शेकडा १५ ऐवजी १२ आणि सप्टेंबरपर्यंत शेकडा ४५ ऐवजी ३६ भरले असले, तरी त्या दोन तारखांचे व्याज लागत नाही. ताईच्या हिशेबाने जूनला ९,६४८ आणि सप्टेंबरपर्यंत एकूण २८,९४४ रुपये. जूनची रक्कम खात्यात आहेच. सप्टेंबरला साडेपाच हजारांच्या आत घरातून घालावे लागतील. डिसेंबरला मात्र ही ढील नाही.

दुसरा मोह नोव्हेंबरच्या सुमारास होतो. त्या वेळी कराच्या खात्यात बऱ्यापैकी रक्कम दिसते आणि गव्हाला खत घालायचे असते. नवरा म्हणतो, "अगं, ते पैसे नुसते पडूनच आहेत की. चार पोती खत आणू, डिसेंबरात परत टाकू." ताईने सांगावे, "अहो, खत जरूर आणा, पण घरखर्चाच्या शिलकेतून आणा. हे पैसे आपले नाहीतच." परत टाकू म्हणून काढलेले पैसे पंधरा तारखेच्या आत परत येत नाहीत, हा बहुतेक घरांचा अनुभव आहे.

घराला पगार द्या

कराचा हिस्सा निघाल्यावर धंद्याचा खर्च आणि घरखर्च यांची वाटणी करायची. इथे चूक होते ती अशी, की ज्या महिन्यात जास्त आले त्या महिन्यात जास्त खर्च होतो आणि कोरड्या महिन्यात उधारी होते. म्हणून ताईने घराला दर महिन्याला सारखाच पगार द्यावा. तो चांगल्या महिन्यावरून ठरवू नये. वर्षाच्या सरासरीइतकाही ठेवू नये. कोरडे महिने निभावतील एवढाच ठेवावा.

आपल्या उदाहरणात हा पगार ६० हजार धरू. त्यात किराणा, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, घराच्या कर्जाचा हप्ता आणि पाहुणेराहुणे आले. एप्रिलमध्ये कमिशन ७० हजार आले. टीडीएस, कराचा हिस्सा आणि धंद्याचे २५ हजार गेल्यावर उरतात सुमारे साडेएकोणचाळीस हजार. पगाराला साडेवीस हजार कमी पडतात. मेमध्ये थोडे जास्त येते आणि बरीच भर निघते. जून, जुलै, ऑगस्ट पुन्हा कमीचे. सप्टेंबरअखेर हिशेब केला, तर एकूण तूट सुमारे ५८,६०० रुपये होते. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला घराच्या एका महिन्याच्या पगाराइतकी, ६० हजार रुपयांची शिल्लक धंद्याच्या खात्यात असली, तर पावसाळ्यात एक रुपयाही उसना काढावा लागत नाही.

ऑक्टोबरपासून दर महिन्याला पगार देऊन पैसे उरू लागतात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या उरलेल्या पैशातून आधी ही ६० हजारांची शिल्लक पुन्हा भरून काढावी. त्यानंतर जे उरेल ते खरे आपले. विहीर, घर, मुलीचे शिक्षण, ठेव, काय हवे त्याला लावावे. वर्षअखेरीला ताईजवळ असे साडेपाच लाखांच्या जवळपास उरतात. मार्चमध्ये हाती आलेले पैसे खर्च करण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. एक, कराच्या खात्यात बियाणे आहे ना. दोन, घराची ६० हजारांची शिल्लक जागेवर आहे ना.

अंदाज बदलला तर

जूनमध्ये बांधलेला अंदाज मार्चपर्यंत टिकतोच असे नाही. म्हणून प्रत्येक हप्त्याच्या आठवडाभर आधी वही उघडून तोवरचे कमिशन, तोवरचा खर्च आणि पुढचा अंदाज पुन्हा मांडावा. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. शेकडा सहा हा सरासरी हिस्सा आहे. अंदाजापेक्षा जादा आलेल्या पैशाला तो पुरत नाही.

समजा, फेब्रुवारीत मोठे काम झाले आणि वर्षाचे कमिशन १७ ऐवजी १८ लाख होणार असे दिसले. खर्च तेवढाच राहिला, तर या जादा १ लाखावर शेकडा २० ची पायरी लागते. उपकर धरून २०,८०० रुपये कर होतो. टीडीएसचे २ हजार वजा जाता १८,८०० ताईने भरायचे. तिने नेहमीप्रमाणे शेकडा सहाच बाजूला काढले असतील, तर मार्चमध्ये तेरा हजार कमी पडतील. म्हणून नियम असा ठेवावा, की अंदाजाइतक्या कमिशनमधून शेकडा सहा, आणि अंदाजावर आलेल्या प्रत्येक रुपयातून शेकडा वीस काढायचे.

शेतीचेही तसेच. कांद्याला भाव मिळाला आणि शेतीचे उत्पन्न २ ऐवजी ३ लाख झाले, तर त्या लाखावर थेट कर नाही, पण धंद्याचा कर उपकरासह १५,६०० रुपयांनी वाढतो. शेतीच्या पैशातून टीडीएसही कापलेला नसतो. म्हणून माल विकल्याच्या दिवशीच पट्टीवरचा आकडा वहीत चढवावा आणि जादा उत्पन्नातले शेकडा सोळा कराच्या खात्यात टाकावेत. खर्चाच्या पावत्याही जपाव्यात. खर्च वजा जाता राहिलेले उत्पन्नच धरायचे असते.

उलट गारपिटीने किंवा दुष्काळाने गावात पैसाच आला नाही आणि कमिशन घटले, तर पुढचा हप्ता नव्या अंदाजाने कमी भरता येतो. आगाऊ कर जादा भरला गेला असेल, तर तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. १५ मार्चनंतर अचानक जादा कमाई झाली, तर तिच्यावरचा कर ३१ मार्चपर्यंत भरावा. ३१ मार्चपर्यंत भरलेला पैसा आगाऊ करातच धरला जातो. तसे केले तर आधीच्या हप्त्यांत कमी पडलेल्या रकमेचे व्याज लागू शकते, पण १ एप्रिलपासूनचा मीटर सुरू होत नाही.

भरताना काय पाहावे

आगाऊ कर बँकेतून किंवा प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरून चलनाने भरता येतो. चलन भरताना तीन जागी नजर ठेवावी. पॅन क्रमांक आपलाच आहे का, कराचा प्रकार "आगाऊ कर" असाच निवडला आहे का आणि वर्ष बरोबर आहे का. सर्वांत जास्त चुका वर्षाच्या रकान्यात होतात. जुन्या कायद्यात उत्पन्नाच्या पुढचे वर्ष लिहावे लागे. २०२५-२६ च्या कमाईला करनिर्धारण वर्ष २०२६-२७. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आहे. त्यात "कर वर्ष" हा एकच शब्द आहे आणि ते कमाईचेच वर्ष असते. चुकीच्या वर्षात पैसे गेले, तर ते सरकारजमा होऊनही आपल्या नावावर बाकी दिसते आणि दुरुस्तीला हेलपाटे पडतात.

कंपनीने कापलेला टीडीएसही आपल्या पॅन क्रमांकाखाली त्याच संकेतस्थळावर दिसतो. डिसेंबरच्या हप्त्यापूर्वी तो एकदा पाहून घ्यावा. वहीत ३४ हजार धरले आणि तिथे त्या प्रमाणात रक्कम दिसत नसेल, तर लगेच कंपनीच्या शाखेत विचारावे. मार्चनंतर विचारले, तर तोवर आपला हिशेब चुकलेला असतो.

वही कशी ठेवावी?

याला मोठे खातेपुस्तक लागत नाही. दोनशे पानी वहीत एका महिन्याला एक पान द्यावे. वर महिन्याचे नाव. त्याखाली जमा झालेले कमिशन, कापलेला टीडीएस, हाती आलेली रक्कम, कराच्या खात्यात टाकलेला हिस्सा, धंद्याचा खर्च, घराला दिलेला पगार आणि शिल्लक, अशा सात ओळी. पानाच्या तळाशी कराच्या खात्यातली एकूण रक्कम आणि पुढच्या तारखेला लागणारी रक्कम शेजारी शेजारी लिहावी. पहिली रक्कम दुसरीपेक्षा कमी दिसली, तर तारखेच्या आधीच कळते की किती कमी आहे, आणि ती भरून काढायला हाती दोन-चार आठवडे असतात.

हे पान महिन्यातून एकदा घरातल्या सर्वांसमोर वाचावे. ताईच्या घरी नवऱ्याला आणि सासूबाईंना हे आकडे ठाऊक असतील, तर मार्चमध्ये तीन लाख आले म्हणून घरात नवी मागणी उठणार नाही आणि जुलैत हात आखडता घेतला म्हणून कुणाला राग येणार नाही. पान वाचून झाले, की त्यावर तारीख घालून पुढच्या महिन्याचे पान आखून ठेवावे.